मामाचं रक्त नको म्हटलं तो दिवस

पावसाळा सरता सरता आमच्याकडे चोपडा, यावल भागातून डेंग्यूचे पेशंट रोज येतात. प्लेटलेट कमी, ताप, घाबरलेले आईबाप, हे आता अंगवळणी पडलं आहे. त्यामुळे त्या दिवशी सात वर्षांची ती मुलगी चिठ्ठीवर "डेंग्यू, प्लेटलेट ३८ हजार" असं लिहून घेऊन आली तेव्हा बाहेरच्या सिस्टरांनी तिला सरळ तापाच्या रांगेत बसवलं. पण तिला ताप नव्हता. आधीच्या दवाखान्यात येऊन गेलेला ताप उतरून तीन आठवडे झाले होते. डेंग्यूत प्लेटलेट पडतात तशा चढतातही, ताप गेल्यावर आठ-दहा दिवसांत त्या बहुतेक सावरतात. हिच्या सावरल्या नव्हत्या.

बरोबर आई, आजी आणि मामा. आजीच्या हातात पिशवी, पिशवीत दोन वर्षांचे रिपोर्ट चुरगळून कोंबलेले. मी ते टेबलावर तारखेप्रमाणे लावायला सांगितलं. लहान मुलांच्या रक्ताच्या तक्रारीत मला हे काम तपासणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. आजचा एकटा रिपोर्ट काहीच बोलत नाही, सगळे ओळीने ठेवले की बोलायला लागतात. दोन वर्षांपूर्वी सर्दी-खोकल्यासाठी केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार. त्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. वर्षभराने प्लेटलेट ७६ हजार. आता हिमोग्लोबिन ७.२, पांढऱ्या पेशी ३१०० आणि प्लेटलेट ३८ हजार. डेंग्यू गेल्या महिन्यातला, घसरण दोन वर्षांची.

आणि प्रत्येक कागदावर एक आकडा होता ज्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. पहिल्या रिपोर्टात ९९, शेवटच्यात १०६. या वयाच्या मुलांत तो साधारण ७५ ते ९० असतो. आपल्याकडे फिकट मूल दिसलं की लोहाची बाटली दिली जाते, पण लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, मोठ्या नाही. सिकलसेलची तपासणी शाळेत झाली होती, ती निगेटिव्ह होती. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल इतका आढळतो की तो आधी बघणं बरोबरच. पण तो निगेटिव्ह आला म्हणून शोध तिथेच थांबायला नको होता.

मोठ्या पेशी दिसल्यावर एका डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली होती, आणि त्यात काही गैर नाही. घर माळकरी, दूधही जेमतेम. बी-१२ कमी असलं तर तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होतात, बोटांच्या सांध्यांवर काळेपणाही येतो. म्हणजे वरवर चित्र अगदी सारखं. फरक उपचारानंतर कळतो. बी-१२ च्या कमतरतेत अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त बनवणारा गर, कच्च्या पेशींनी भरलेली असते. इंजेक्शन मिळालं की आठवड्याभरात नव्या पेशी, ज्यांना आम्ही रेटिक म्हणतो, झपाट्याने रक्तात येतात. हिला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स झाला होता आणि रेटिक होते ०.६ टक्के. एवढ्या कमी हिमोग्लोबिनला मज्जा शाबूत असती तर ते कितीतरी वर असायला हवे होते. कच्चा माल देऊनही कारखाना चालत नव्हता.

मग मी मुलीकडे नीट बघितलं. उंची १०४ सेंटिमीटर, वयाच्या मानाने बरीच कमी. आई म्हणाली, आमच्याकडे सगळेच ठेंगणे. डोळे किंचित बारीक, डोकंही लहान. फ्रॉक वर करून पाठ पाहिली तर दुधाच्या चहाच्या रंगाचे तीन-चार डाग, आणि त्यांच्या मध्ये फिकट ठिपके. बी-१२ चा काळेपणा बोटांच्या पेरांवर असतो, तो असा पाठीवर चकत्या-चकत्यांनी येत नाही. मी तिला माझ्या ॲप्रनचं बटण लावायला सांगितलं. तिनं ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरलं. डावा अंगठा मी हातात घेतला. बारीक, थोडा वर सरकलेला, आणि अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो मांसल उंचवटा असतो तो जवळजवळ सपाट. उजवीकडचा बरा होता, पण तोही भरलेला नव्हता.

"अंगठ्याचं कुणाला दाखवलं होतं का?" मी विचारलं.

"तो ते जलमपासूनच तसा शे," आजी म्हणाली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. अंगठा आणि रक्त यांचा संबंध कुणाला सुचणार?

पोटाची सोनोग्राफी लगेच करून घेतली. डावी किडनी जागेवर नव्हती, खाली ओटीपोटात सापडली. अंगठा, किडनी, डाग, खुंटलेली उंची आणि हळूहळू आटत जाणारी मज्जा. हे फॅन्कोनी ॲनिमियाचं चित्र आहे. १९२७ साली स्विस बालरोगतज्ज्ञ गुइडो फॅन्कोनी यांनी तीन भावंडांत असाच आजार वर्णन केला होता. यात पेशीला स्वतःच्या डीएनएची एक विशिष्ट मोडतोड दुरुस्त करता येत नाही. डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटले तर ते सोडवणारी यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते. ती चालवणारी वीसहून जास्त जनुकं आता माहीत आहेत. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच आजार होतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं. आई खाली बघत म्हणाली, "मी मामाच्याच घरात दिलेली." नवरा तिचा सख्खा मामेभाऊ.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरनं विचारलं, अंगठा आणि ॲनिमिया म्हणजे डायमंड-ब्लॅकफॅनही असू शकेल ना? प्रश्न चांगला होता, कारण अंगठा तिथेही वेगळा असतो, कधी दोनऐवजी तीन पेरांचा. पण डायमंड-ब्लॅकफॅनचं बाळ बहुतेक पहिल्या वर्षातच, अनेकदा दोन-तीन महिन्यांचं असतानाच पांढरंफटक दिसू लागतं. त्यात फक्त तांबड्या पेशी बनायच्या थांबतात. रेटिक जवळजवळ शून्य, पेशी मोठ्या, आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट मात्र सहसा शाबूत. हिच्या तर प्लेटलेट पहिल्या रिपोर्टापासूनच कमी होत्या. त्या बाळांच्या बाबतीत मी एवढंच बजावत असते, की रक्त चढवायच्या आधी नमुना काढून ठेवा. तांबड्या पेशींतलं अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज नावाचं एन्झाइम त्यांच्यात बहुधा वाढलेलं असतं, पण एकदा दुसऱ्याचं रक्त गेलं की मोजलं जातं ते रक्तदात्याचं.

इकडे बाहेर वेगळीच धावपळ सुरू होती. ७.२ हा आकडा ऐकून मामानं गावी फोन केला होता आणि दोन मोटारसायकलींवर चार जण रक्त द्यायला निघाले होते. "मन्ही भाचीले मी रगत देस, जितलं लागी तितलं," तो म्हणाला. मी त्याला आत बसवलं आणि नाही म्हणाले. त्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं त्याच्या रक्तात काही खोट आहे.

त्याला समजेल असं सांगायला मला वेळ लागला. मुलगी तेवढ्या हिमोग्लोबिनवर चालत होती, खेळत होती, नाडी स्थिर होती, कुठून रक्त येत नव्हतं. आज रक्ताची गरजच नव्हती. आणि पुढे हिला वाचवायचं तर कुणाची तरी मज्जा द्यावी लागणार, ती बहुधा नात्यातल्याचीच असेल. नातेवाइकांचं रक्त आधीच शरीरात गेलं तर शरीर त्यांच्या पेशी ओळखायला शिकतं आणि नंतर त्यांचीच मज्जा झिडकारण्याचा धोका वाढतो. म्हणून हिला रक्त लागलंच तर नात्याबाहेरच्या माणसाचं, पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरणोत्सर्ग दिलेलं. मामा बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं बाहेर जाऊन फोन करून मोटारसायकली परत फिरवल्या.

पक्क्या निदानासाठी त्यांना मुंबईला पाठवलं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविज्ञान संस्था आहे. या तपासणीत रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्यांवर मायटोमायसिन-सी किंवा डायइपॉक्सिब्युटेन नावाचं रसायन टाकतात, जे डीएनएचे धागे चिकटवतं. निरोगी पेशी ते सोडवून घेतात. फॅन्कोनीच्या पेशींत गुणसूत्रं जागोजागी तुटतात आणि तुटलेले तुकडे भलत्याच गुणसूत्रांना जोडले जातात. पेशी जिवंत लागतात, म्हणून नमुना शक्यतो तिथेच दिलेला बरा. काही मुलांच्या रक्तातल्या थोड्या पेशी आपोआप दुरुस्त झालेल्या असतात आणि तपासणी फसवी निगेटिव्ह येते. संशय दाट असेल तर मग त्वचेच्या पेशींवर ती पुन्हा करावी लागते. हिला ती वेळ आली नाही, निकाल स्पष्ट होता.

जाण्याआधी मी घरातल्या दुसऱ्या मुलालाही बोलावून घेतलं. दहा वर्षांचा भाऊ, उंच, अंगानं भरलेला, दोन्ही अंगठे सुरेख. घरच्यांच्या मनात तोच मज्जा देणार हे ठरलेलं. हिमोग्लोबिन १२.१, प्लेटलेट १ लाख ४० हजार. कुठल्याही दवाखान्यात हा रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाजूला ठेवला असता. एमसीव्ही होता ९७. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, भावाचीही गुणसूत्र तपासणी, मज्जेची जुळणी बघण्याआधी. फॅन्कोनीच्या पाव ते एक तृतीयांश मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. त्याची तपासणीही पॉझिटिव्ह आली.

आई त्या दिवशी माझ्यासमोर रडली नाही. तिनं विचारलं ते हे, की याला शाळेत पाठवू ना? पाठवायचं. त्याची मज्जा अजून काम करते आहे. दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायचं, वर्षातून एकदा मज्जा, कारण यात ल्युकेमियाची भीती असते. एक्स-रे आणि सीटी गरजेपुरतेच.

तंबाखूचं मात्र मला आजीशी बोलावं लागलं. तिच्या कमरेला मिश्रीची डबी होती आणि नात सकाळी तिच्याबरोबर बसून तीच दातांना लावत असे. या मुलांना तोंडाचा आणि घशाचा कर्करोग ऐन तारुण्यात होऊ शकतो. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे आजीला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी मुलांच्या तोंडात टॉर्च टाकून गालाच्या आतली बाजू, जीभ, जिभेखालची जागा बघितली आणि आईलाही महिन्यातून एकदा असंच बघायला शिकवलं. पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला तर लगेच यायचं.

मुलीला सध्या डॅनाझॉल सुरू आहे. ते साधारण निम्म्या मुलांत काही काळ हिमोग्लोबिन सावरतं आणि त्यासाठी यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. वडिलांची मज्जा अर्धी जुळते. मुंबईचे डॉक्टर तिच्यावर प्रत्यारोपणाची तयारी करत आहेत. त्याआधी द्यायची औषधं इतर मुलांना देतात त्या मात्रेत या मुलांना दिली तर ती जिवावर बेततात, कारण त्यांच्या पेशींना ते घाव भरून काढता येत नाहीत. मात्रा खूप उतरवावी लागते. म्हणून गुणसूत्रांचा तो रिपोर्ट मी दोघांच्याही फाइलमध्ये सगळ्यात वर लावून दिला आहे, आणि त्याची एक प्रत मामाच्या पाकिटात असते.