डबल प्रमोशन मागायचं तर आधी वरच्या वर्गाचा पेपर

“माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी सगळ्यांच्या फार पुढे आहे. चौथी न करता तिला थेट पाचवीत बसवावं असं मला वाटतं. पण मुख्याध्यापकांना आणि तिच्या आईवडिलांना हे सांगायचं कसं? नुसतं ‘हुशार आहे’ म्हटलं तर कोण ऐकणार?”

कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. बहुतेक शिक्षक अशा वेळी तिसरीचं प्रगतिपुस्तक पुढे करतात. सगळीकडे 98, 99, 100. त्यावरून एवढंच कळतं की तिसरीचा पेपर तिला पुरा पडत नाही. शंभरावर मोजपट्टीच संपते. ती मुलगी चौथीच्या उंबरठ्यावर आहे की पाचवीच्या मध्यावर, हे तिसरीच्या गुणांतून कधीच दिसणार नाही. म्हणून पहिला पुरावा वरच्या इयत्तेच्या पेपरातून काढायचा. ही युक्ती जुनी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला लावली, ती याच कारणासाठी.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: जी इयत्ता गाळायची, त्या चौथीची वार्षिक परीक्षा तिला द्यायला लावा. पेपर पाचवीच्या शिक्षकांनी निवडावा, तपासावाही त्यांनीच. तुम्ही तपासलात तर तुमच्या प्रेमाचे चार गुण त्यात मिसळतात, आणि पुढे मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न तोच असतो. वेळ नेहमीचीच द्या. आधी तयारी करून घेऊ नका, आणि घरी पेपर पाठवू तर मुळीच नका. मुलीला सांगताना “तुला काय काय येतं ते बघायचंय” एवढं पुरे. वर्ग बदलायची गोष्ट तिच्या कानावर इतक्यात जाऊ देऊ नका.

समजा निकाल असा आला: भाषा 91, परिसर अभ्यास 78, गणित 86. आता गणिताचे गेलेले 14 गुण कुठे गेले ते बघायला पेपर उघडा. दहा गुण दोन अंकी संख्येने भागण्यात आणि दशांश अपूर्णांकात गेलेत, चार घाईत. दोन अंकी भागाकारात तिने काहीच लिहिलेलं नाही, जागा कोरी आहे. ही कोरी जागा वाईट नाही. जे शिकवलंच नाही ते आलं नाही, इतकंच. खरी परीक्षा पुढची आहे. तो भागाकार तिला वीस मिनिटं शिकवा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पाच उदाहरणं द्या. चार बरोबर आली तर ती नुसती पोकळी आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून निघेल. दोनदा-तीनदा शिकवूनही पाचांतलं एकच येत असेल, तर तिची झेप तुम्हाला वाटते तितकी लांब नाही. अर्जात गुणांइतकीच जागा या फरकाला द्या, कारण “चौथीतलं काही राहून जाईल” हा आक्षेप येणारच आहे, आणि त्याला नेमकं उत्तर हेच आहे.

मग पाचवीच्या पहिल्या घटक चाचणीचा गेल्या वर्षीचा पेपर द्या. 20 पैकी वर्गाची सरासरी 13 आली असेल आणि तिला न शिकता 12 मिळाले, तर माझ्या मते पुढे जायला हरकत नाही. 6 मिळाले तर थांबा. नव्या वर्गात तिने पहिलं यावं अशी अपेक्षा नाही, पण तळाला बसवण्यासाठी कोणाला वर चढवायचं नसतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: हात. डोकं पाचवीत असतं, बोटं तिसरीतच असतात. फळ्यावरचा उतारा पाच मिनिटं उतरवून घ्या आणि शब्द मोजा. पाचवीतल्या चार साधारण मुलांकडूनही तोच उतारा लिहून घ्या. त्यांचे 75 च्या आसपास आणि तिचे 48 भरले, तर पहिल्या सत्रात ती प्रत्येक लेखी परीक्षेत एक-दोन प्रश्न सोडणार आणि सगळे म्हणणार, “बघा, झेपलं नाही.” तिची गणिताची वहीसुद्धा बघा. अशा मुलांच्या वहीत बहुतेक वेळा उदाहरणाखाली थेट उत्तर असतं, पायऱ्या नसतात, कारण तिसरीतलं गणित तोंडी होऊन जातं. वरच्या वर्गात पायऱ्यांना गुण असतात. उत्तर बरोबर येऊनही पाचांपैकी दोनच मिळाले की ती गोंधळते. ही सवय आत्ताच लावायला घ्या.

हे सगळं हातात आल्यावर कोणाकडे जायचं? आधी मुख्याध्यापकांकडे, एकट्याने. आईवडिलांना आधी सांगितलंत आणि मग शाळा नाही म्हणाली, तर घरात एक नसलेला अन्याय जन्माला येतो. मुख्याध्यापकांकडून पहिल्या भेटीत परवानगी मागू नका. नियम विचारा. प्रवेशाच्या किंवा पुढच्या बोर्डाच्या परीक्षेच्या किमान वयाची अट आड येते का? दाखल्यावर आणि निकालपत्रावर गाळलेल्या वर्षाची नोंद कशी होईल? इथे अडकलं तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, आणि ते पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं. दुसरं माणूस म्हणजे पाचवीचे वर्गशिक्षक. त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं डबल प्रमोशन सहसा टिकत नाही. मूल अडखळलं की मदतीऐवजी पुरावा गोळा होऊ लागतो.

त्यानंतर पालक. आयोवा विद्यापीठाच्या बेलिन-ब्लँक केंद्राने अशा निर्णयासाठी एक मापनश्रेणी तयार केली आहे. तिच्यात काही गोष्टी अशा आहेत की त्यांतली एक जरी असली तरी इयत्ता ओलांडू नये असं स्पष्ट म्हटलंय. मुलाची स्वतःची इच्छा नसणं ही त्यातली एक. भाऊ किंवा बहीण त्याच नव्या वर्गात असणं ही दुसरी. बुद्धिमापनात 115 च्या खाली असणं ही तिसरी, म्हणजे 100 च्या सरासरीहून 15 गुणांनीही वर नसणं. भावंडाची अट लोकांना किरकोळ वाटते. पण पाचवीतल्या दादाच्या शेजारच्या बाकावर धाकटी बहीण येऊन बसली आणि पहिल्या चाचणीत पुढे गेली, की संध्याकाळी त्या घरात काय होईल ते डोळ्यांसमोर आणा.

पालकांशी बोलताना निकालाचे कागद टेबलावर ठेवा आणि वाईट बातमी आधी सांगा: “इथे ती पहिली येते. तिथे कदाचित सातवी-आठवी येईल. चालेल का?” ज्या घरात या प्रश्नाला लांब शांतता मिळते, तिथे प्रस्ताव मागे घेतलेला बरा. बहुतेक आया विचारतात ते वेगळंच असतं: मैत्रिणींचं काय, आणि पुढे वयात येताना ती सगळ्यांत लहान असेल त्याचं काय? प्रामाणिक उत्तर असं की इयत्ता ओलांडलेल्या मुलांवरच्या अभ्यासांत सरासरीने अभ्यासात फायदा दिसतो आणि मनावर किंवा मैत्रीवर घातक परिणाम दिसत नाही. पण ती सरासरी आहे. खेळाच्या संघात ती मागे पडेल हे मात्र जवळपास नक्की, तेव्हा खेळ तिच्या वयाच्या मुलांबरोबरच ठेवा. आणि ती फक्त गणितातच पुढे असेल तर हा प्रस्तावच चुकीचा आहे. रोज गणिताच्या तासाला तिला वरच्या वर्गात पाठवा, बाकी सगळं आहे तसं राहू द्या.

लेखी प्रस्ताव एका पानाचा असावा. दोन पानं झाली की मुख्याध्यापक ते “नंतर वाचतो” म्हणून बाजूला ठेवतात. त्यात निकाल, पोकळ्या आणि त्या कोण कधी भरणार, एवढं असलं की पुरे. पण खरं वजन शेवटच्या परिच्छेदाला आहे. तो साधारण असा लिहा:

“ही बदली सहा आठवड्यांच्या चाचणीवर असावी. तोपर्यंत चौथीच्या हजेरीपटावर तिची जागा राखून ठेवावी. पहिल्या सत्रात लेखी परीक्षेत तिला दहा मिनिटं जास्त द्यावीत. दर शुक्रवारी वर्गशिक्षक तिच्याशी पाच मिनिटं बोलतील. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पालक, दोन्ही शिक्षक आणि मुख्याध्यापक एकत्र बसून निर्णय घेतील. त्याआधी एखाद्या चाचणीच्या गुणांवरून निर्णय होणार नाही.”

नकार द्यायला निघालेले मुख्याध्यापक बरेचदा या परिच्छेदावर थांबतात, कारण त्यांना भीती असते ती परत न फिरवता येणाऱ्या निर्णयाची.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. तिसऱ्या आठवड्यात पहिली चाचणी येते, गुण 70 पर्यंत घसरतात आणि सगळे एकदम घाबरतात. ही घसरण अपेक्षित आहे. गुणांपेक्षा दुसरीकडे बघा. घरचा अभ्यास रोज दीड-दोन तास चालतो का? रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं का, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी दुखत नाही का? मधल्या सुट्टीत ती डबा कोणाबरोबर खाते? पहिले पंधरा दिवस जुन्या मैत्रिणींकडे धावणं ठीक आहे. पाचव्या आठवड्यातही नव्या वर्गातल्या एकीचंही नाव तिच्या बोलण्यात येत नसेल, तर बैठकीत हे मांडा.

मुलीला विचारायचं ते सगळ्यांत शेवटी, मोठ्यांचं एकमत झाल्यावर, आणि तिचा नकार अंतिम धरायचा. आधी दोन दिवस पाचवीच्या वर्गात नुसतं बसू द्या. परत यावं लागलं तर काय म्हणायचं तेही तिला त्याच दिवशी सांगा: “आपण सहा आठवडे बघणार आहोत. नाही आवडलं तर चौथीत तुझा बाक आहेच.” हे सांगून ठेवलं नसेल तर परतीच्या दिवशी कितीही गोड बोललात तरी तिला ते नापास होणंच वाटतं. आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवू नका. ज्या बदलीसाठी टाळ्या वाजल्या, तिच्यातून मुकाट्याने मागे फिरता येत नाही.