एका रेंडरच्या कॅप्शनसाठी अडकलेलं माझं पोर्टफोलिओ पेज

पेज एकदाचं लागलं. पण त्यातल्या एका चित्रापायी आधीच्या ऑफिसने जे ताटकळत ठेवलं त्याचा राग अजून डोक्यात आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकते, थंड झाल्यावर अर्धं विसरायला होईल.

मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात आधी एका ऑफिसमध्ये नोकरी केली आणि आता स्वतःची छोटी प्रॅक्टिस आहे. पोर्टफोलिओत रेंडर, म्हणजे कंप्युटरवर बनवलेली चित्रं, टाकायचे तर ते काय आहेत हे बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे यावर मी ठाम होते, कारण हल्लीचे रेंडर इतके खऱ्यासारखे असतात की क्लायंट सरळ विचारतो "हे घर कुठेय, बघायला जाऊ का?", आणि ते घर कुठेच नसतं.

स्वतःच्या प्रॅक्टिसचं काम पटकन झालं. प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारला, हे आज कुठल्या टप्प्यावर आहे? नुसती कल्पना, नकाशा मंजूर, बांधकाम चालू, की बांधून झालेलं. ज्याचं उत्तर मला देता आलं नाही ते चित्र बाजूला. बांधून झालेल्या घराचा फोटो आधी, त्याच अँगलचा रेंडर खाली. वाईजवळच्या बंगल्याला लिहिलं, "रेंडर, २०२२. घर २०२३ मध्ये बांधून झालं. जिन्याच्या भिंतीला विटांच्या जाळीऐवजी लोखंडी ग्रिल बसवली. शेजारचं घर आणि विजेचा खांब रेंडरमध्ये दाखवलेला नाही." क्लायंटला वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबरच आहे की मॅडम, ग्रिल आमच्याच सांगण्यावरून झाली." संपला विषय.

अडलं ते जुन्या ऑफिसच्या कामाला. एका बिल्डरची हाउसिंग स्कीम, २०१९ सालची. दोन विंग, मध्ये पोडियमवर, म्हणजे उंचावरच्या स्लॅबवर, बाग आणि स्विमिंग पूल, संध्याकाळची वेळ, वरून ड्रोनने घेतल्यासारखा व्ह्यू. त्यात पोडियम आणि पश्चिमेकडचं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, मी केलं होतं, रेंडर मात्र बाहेरच्या व्हिज्युअलायझरने केलेला. आता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं, म्हणजे परवानगी घ्यायलाच हवी. मी त्या ऑफिसच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "अगं टाक की, सगळे टाकतात." म्हटलं सर एक ओळीचा मेल करा आणि प्रोजेक्ट आत्ता कुठे आलंय तेवढं सांगा, म्हणजे मी तसं खाली लिहीन. तर म्हणे बघतो.

आणि मग ते बघतो बघतोच राहिलं. मेल केला, उत्तर नाही. ऑफिसमधल्या ताईंना फोन केला तर सर साइटवर, परत केला तर सर मीटिंगमध्ये, मग "पुढच्या आठवड्यात आठवण कर". माझं बाकी सगळं पेज तयार आणि मधली मोठी जागा रिकामी. चिडचिड यासाठी की मला पैसे नको होते, शिफारस नको होती, फक्त दोन विंग झाल्या की एक एवढंच विचारत होते. शेवटी सर फोनवर भेटले तेव्हा खरं कारण कळलं. म्हणाले "संकल्पचित्र बिंकल्पचित्र काही लिहू नकोस, त्यांचे फ्लॅट अजून विकायचेत, बिल्डर आमच्यावर चिडेल. नुसतं ऑफिसचं नाव टाक." म्हणजे चित्र टाकायला हरकत नाही, ते काय आहे हे सांगायला हरकत! हे मला पटणं शक्य नव्हतं.

मग मी वाट बघणं सोडलं आणि महारेराच्या, म्हणजे बिल्डरच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रोजेक्ट शोधलं. हे आधीच करा, कुणाच्या हातापाया पडायची गरज नाही. प्रोजेक्टच्या नावाने किंवा P पासून सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकाने शोधता येतं आणि बिल्डरने भरलेली माहिती कुणालाही दिसते, कुठली इमारत, मंजूर मजले किती, पूर्ण करायची तारीख, सोयींची यादी, अपलोड केलेले मंजूर नकाशे. त्या स्कीमच्या नोंदणीत एकच विंग होती. पोडियमवरची बाग होती. स्विमिंग पूल सोयींच्या यादीत नव्हता आणि नकाशातही नव्हता. म्हणजे त्या सुंदर चित्राचा जवळपास अर्धा भाग त्या नोंदणीत कुठेच नव्हता.

आता इथे गंमत म्हणून सोडून देण्यासारखं काही नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ असं आहे की जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. माझं पेज जाहिरात नाही आणि मी प्रमोटर नाही, पण फ्लॅट घ्यायला निघालेला माणूस नाव सर्च करून माझ्या पेजवर आला आणि पूल बघून खूश झाला, तर ते मला चालणार नव्हतं.

कॅप्शन लिहिलं ते असं, "विक्रीआधीच्या टप्प्यातलं संकल्पचित्र, २०१९. दोनपैकी एकच विंग नोंदणीत आहे, पूल नाही." वाचलं आणि लक्षात आलं की चित्र एक सांगतंय आणि खालची ओळ ते खोडतेय. लोक चित्र बघतात, ओळ नंतर, वाचली तर वाचली. इतकं खोडावं लागत असेल तर चित्रच बदलायचं. मैत्रीण म्हणाली पूल क्रॉप कर ना. क्रॉप करणं वाईट नाही, उरलेला भाग खरा असेल तर बिनधास्त करा, पण त्या व्ह्यूत दुसरी विंग मागे दिसतच होती आणि बागेवरचा सगळा उजेड पुलाच्या पाण्यातून आलेला, कापून काही साधत नव्हतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये पश्चिमेच्या बाजूचा एक साधा रेंडर सापडला, रस्त्यावरून माणसाच्या उंचीने घेतलेला, एकच विंग, माझंच एलिव्हेशन. दिसायला पहिल्यापेक्षा फिका, पण त्यातलं सगळं मंजूर नकाशात होतं. फक्त पोडियमवर मोठी झाडं होती, वीस वर्षं वाढलेल्या पर्जन्यवृक्षाएवढी. स्लॅबवर माती दोन फूट धरलेली, तेवढ्यात झुडपं आणि छोटी झाडं येतात, असा वृक्ष येत नाही. व्हिज्युअलायझरकडे मूळ फाइल होती, त्याने झाडं काढून चाफा आणि झुडपं लावून दिली.

आता मेल वेगळ्या पद्धतीने लिहिला आणि हाच मला सगळ्यात उपयोगी पडलेला भाग. प्रश्न काहीच विचारला नाही. चित्र जोडलं, तयार कॅप्शन लिहिलं आणि म्हटलं याला फक्त ओके कळवा. कॅप्शन असं, "रेंडर, २०१९, पोर्टफोलिओसाठी झाडं बदलली आहेत. मंजूर नकाशातली एक विंग, पश्चिमेची बाजू. माझं काम पोडियम आणि हे एलिव्हेशन, ऑफिसमध्ये नोकरीत असताना. रेंडर बाहेरच्या व्हिज्युअलायझरचा." वर ऑफिसचं नाव. त्याच संध्याकाळी "ओके" आलं. इतकं बरं वाटलं की मी लगेच पेज लावून टाकलं. बिझी माणसाला माहिती गोळा करून द्यायला सांगितलं की तो टाळतो, तयार ओळीवर हो म्हणायला काही लागत नाही.

आता बाकीचं जसं आठवेल तसं.

रूमचे रेंडर निवडताना कॅमेऱ्याची लेन्स बघा. १४-१५ एमएमवर दहा बाय बाराची बेडरूम हॉलएवढी दिसते. ओळखायचं कसं, तर चित्राच्या कडेला असलेल्या गोल वस्तू बघायच्या, लटकता दिवा किंवा ताट अंडाकृती ताणलेलं दिसलं की लेन्स फार वाइड आहे. मी २४ एमएमच्या खाली जायचं नाही असं ठरवलं. तिथे लहान खोली पूर्ण मावत नाही आणि कॅमेरा भिंतीच्या बाहेर न्यावा लागतो, मग तसं लिहायचं, "समोरची भिंत काढून दाखवलेला व्ह्यू."

फर्निचरचं मापही बघा. काही जण सोफा आणि बेड मॉडेलमध्ये थोडे लहान करून टाकतात म्हणजे खोली मोठी वाटते. दरवाजा सात फुटांचा धरून त्याच्याशी तुलना केली की लगेच कळतं.

ऊन. स्केचअप या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन टाकलं नाही तर सूर्य आपल्याकडचा नसतो, डिफॉल्ट अमेरिकेतलं बोल्डर असतं. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो, तिथे २६-२७, म्हणजे चित्रात ऊन खोलीच्या पार आतपर्यंत जातं आणि खऱ्या घरात जात नाही. उत्तर दिशा चुकलेली असेल तर त्याहून वाईट. माझ्याकडे एका हॉलचा रेंडर होता, खिडकी उत्तरेला आणि सीन हिवाळ्याचा, जमिनीवर उन्हाचे लांब पट्टे. सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. चित्र फार छान होतं, तरी परत रेंडर केलं.

कॅप्शन माउस नेल्यावर दिसेल असं ठेवू नका, मोबाइलवर माउसच नाही, आणि बहुतेक लोक मोबाइलवरच बघतात. चित्राखाली कायम दिसलं पाहिजे, ग्रिडमधल्या छोट्या चित्रांखालीसुद्धा निदान "रेंडर" किंवा "फोटो" एवढा शब्द हवा.

आणि चित्र पेजवरून निघून व्हॉट्सअॅपवर फिरतं तेव्हा कॅप्शन मागेच राहतं, फाइलच्या माहितीत काही लिहिलं असलं तरी फोटो म्हणून पाठवताना ते निघून जातं. म्हणून मी प्रत्येक रेंडरच्या खालच्या कोपऱ्यात चित्रातच "संकल्पचित्र" आणि साल लिहिलंय, बारीक पण मोबाइलवर वाचता येईल इतकं. आधी पूर्ण आकारात बसवलं होतं तर छोटं केल्यावर अक्षरं पुसट झाली, त्यामुळे चित्र पेजच्या मापाला आणल्यावरच अक्षरं टाका.