कपाटाची किल्ली आणि शनिवारचा तास

आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. बदली होऊन आले तेव्हा चार्ज घेताना ग्रंथालयाच्या नोंदवहीवरही सही केली: २१४ पुस्तकं, एक लोखंडी कपाट, एक किल्ली. पुस्तकं इतकी कोरी की काहींची पानं एकमेकांना चिकटलेली. एखादं हरवलं तर भरपाई कोणी द्यायची, या धास्तीनं कपाट वर्षानुवर्षं बंदच होतं. पहिले दोन महिने मीही ते उघडलं नाही, खोटं कशाला बोलू.

मग शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास ग्रंथालयाचा ठरवला. २२ मुलं, ४० मिनिटं. सुरुवात अगदी सरळसोट केली. कपाट उघडायचं, एकेकानं पुस्तक घ्यायचं, शांत बसून वाचायचं आणि शेवटी पाच ओळींत गोष्टीचा सारांश लिहायचा. तिसऱ्या शनिवारी वह्या तपासताना सात वह्यांत पहिलं वाक्य एकच निघालं. ते मागच्या मुखपृष्ठावरून उतरवलेलं होतं. पुस्तक निवडताना मुलं चित्र बघत नव्हती की नाव. अंगठ्या-तर्जनीत धरून जाडी मोजत होती. सारांश लिहायचाच आहे म्हटल्यावर सगळ्यात बारीक पुस्तक घेणं हा शहाणपणाच झाला की.

पुढच्या शनिवारी सारांश बंद केला आणि मी फक्त वही घेऊन कोपऱ्यात बसले. कोण काय करतंय ते टिपत राहिले. कपाटात पुस्तकं उभी लावलेली, मुलांना दिसत होत्या नुसत्या कडा. पाच-सहा जण खरंच वाचत होते. आठ-नऊ जण दर दोन मिनिटांनी पुस्तक बदलत होते. उरलेल्यांचं पान उलटत होतं पण नजर खिडकीबाहेर. ज्याला वाचता येत नाही तो आणि ज्याला वाचायचं नाही तो, लांबून दोघंही सारखेच दिसतात. जवळ बसून हळू आवाजात अर्धं पान वाचून घेतलं तेव्हा फरक कळला. चौघं जोडाक्षराशी अडत होते. ‘रस्त्यावर’ म्हणताना ‘र… स… त्या…’ करत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून जात.

पहिला बदल स्वस्तातला. वर्गात सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बाराच पुस्तकं टांगली, मुखपृष्ठ समोर येईल अशी. २१४ मधून निवडताना मूल गांगरतं, बारांमधून पटकन हात घालतं. दर शनिवारी त्यातली चार बदलायची. एवढ्यानं पुस्तक बदलत राहणारी मुलं बरीचशी स्थिरावली.

दुसरा बदल मोठ्यानं वाचून दाखवण्याचा, आणि तिथे मी आधी आपटले. हरवलेल्या शेळीची एक गोष्ट होती. शेळी सापडते न सापडते तिथं थांबले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, पुढचं तुम्ही वाचा. प्रत एकच. मधल्या सुट्टीत ओढाताण झाली आणि दोन पानं फाटली. पुढच्या वेळेपासून चिठ्ठ्या टाकून क्रम लावला. ज्याचा नंबर लांबचा त्याच्यासाठी तसल्याच प्राण्यांच्या दोन गोष्टी सुतळीवर तयार ठेवल्या.

थांबायची जागाही शिकावी लागली. नुसत्या धोक्याच्या क्षणी थांबलं तर मुलं ‘सांगा ना बाई’ म्हणतात आणि आपणच सांगून मोकळे होतो. त्याऐवजी जिथं मुलांना अंदाज बांधता येतो तिथं थांबावं. शेळी बाजारात असेल की मामाच्या गावाला? हात वर करून दोन तट पडले की आपला अंदाज खरा ठरवायला पुस्तक उघडावंच लागतं. आता आदल्या रात्री घरी मोठ्यानं वाचून बघते आणि थांबायच्या ओळीपाशी पेन्सिलीचा ठिपका देते. दहा मिनिटांच्या वर वाचत नाही, नाहीतर मुलांच्या हाती तासच उरत नाही.

काहींना मात्र गोष्टीच नको होत्या. पावसाळ्यात एका मुलाच्या घरात साप निघाला आणि तो मण्यार की कवड्या यावरून वर्गात भांडण जुंपलं. मी काही बोलले नाही. सापांचं माहितीचं पुस्तक सुतळीवर लावलं. दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे. मण्यारचे पट्टे डोक्यापासून बऱ्याच अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. हे तीन मुलांनी एकमेकांवर ओरडत वाचून काढलं. त्यांच्यातल्या एकानं तोवर एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं. (साप दिसला की लांब राहून मोठ्या माणसाला हाक मारायची, पट्टे मोजायला जवळ जायचं नाही, हे मी तीनदा बजावलं.)

जोडाक्षराशी अडणारी चार मुलं या सगळ्यातूनही सुटत होती. त्यांना पेलतील अशी पुस्तकं म्हणजे पानावर एक-दोन ओळी, मोठा टाइप. ती मी हातात दिली की चौथीतला एकजण पुस्तक पालथं ठेवायचा. “हे बारक्यांचं आहे, बाई.” नऊ वर्षांच्या पोराला सोपं पुस्तक दिलं की त्याची वर्गासमोर शोभा होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग सरांशी बोलून ठरवलं की शनिवारी शेवटची दहा मिनिटं आमच्यातले चौघं पहिलीला वाचून दाखवतील. माणसं दर आठवड्याला बदलतील. चांगलं वाचणारेही त्यात घेतले, नाहीतर लगेच सगळ्यांना कळलं असतं. आता ‘बारक्यांचं पुस्तक’ निवडायला कारण मिळालं. त्या मुलानं एक वाघाचं पुस्तक उचललं, सोळा पानांचं. नियम एकच: आधी तीनदा सराव. गुरुवारी एकट्यानं, शुक्रवारी माझ्यापाशी, शनिवारी सकाळी जोडीदारापाशी. पहिल्या दिवशी तो ‘गुरगुरला’पाशी अडला, ‘झुडपात’पाशी अडला. तिसऱ्या वाचनाला अडखळणं दोन ठिकाणी उरलं. पहिलीतली पोरं त्याच्या गुडघ्याला चिकटून बसली आणि संपल्यावर ‘परत’ म्हणाली. त्यानं परत वाचलं. म्हणजे तेच पुस्तक आठवड्यात पाचदा, आणि मला एकदाही ‘वाच’ म्हणावं लागलं नाही.

जोडाक्षराशी अडणाऱ्या चौघांपैकी एकीला मात्र याचा उपयोग झाला नाही, कारण तिची मुळाक्षरंच कच्ची होती. तिला रोज वेगळं घेऊन बसावं लागतं. ग्रंथालयाच्या तासाला ती चित्रं बघते आणि मी वाचते ते ऐकते.

मधल्या काळात कोणी किती पुस्तकं वाचली याचा तक्ताही लावून पाहिला. आठ दिवसांत मुलं पुन्हा जाडी मोजायला लागली, म्हणून काढून टाकला. देवघेवीची वही आता मुलंच लिहितात. तीन पुस्तकं हरवली आहेत, एकावर चहा सांडला आहे. केंद्रप्रमुखांना तसं लेखी कळवलं.

वाघवाल्या मुलाची पुढची पाळी लांब होती. मध्यंतरी पहिलीच्या हट्टापायी तेच पुस्तक मी वाचून दाखवलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “बाई, वाघ असा नाही गुरगुरत. पुस्तक द्या, मी दाखवतो.”