शनिवारी टिळकवाडीत ओपन माइक: कुंद्याचा विनोद आता बसलाय

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला टिळकवाडीतल्या आपल्या नेहमीच्या कॅफेत ओपन माइक आहे. नवख्यांना चार मिनिटं, आधी केलेल्यांना सहा. मराठी, कन्नड, हिंदी किंवा तिन्हींची मिसळ, जसं घरी बोलता तसं बोला. तिकीट नाही, फक्त एक चहा किंवा कॉफी घ्या.

या खेपेला पहिल्यांदाच उभा राहणारा खानापूरचा एक पोरगा आहे. त्याच्या विनोदावर सरावात आम्ही बरंच काम केलं. ते सविस्तर सांगतो, कारण नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

त्याचा विषय असा: बेळगावचा माणूस कुठंही जाताना कुंदा नेतो. पहिल्या मसुद्यात मामांना कुठल्या दवाखान्यात ठेवलं, खानापुराहून कुठली बस धरली, वाटेत पाऊस किती होता, सगळं होतं. हसायची जागा यायला दीड मिनिट लागायचं. चार मिनिटांतलं दीड मिनिट शांततेत गेलं की बोलणारा घाबरतो, मग भरभर बोलतो, मग पुढचंही कुणाला कळत नाही. म्हणून प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे काढलं तर विनोद मरतो का? बस गेली, पाऊस गेला. उरलं ते एवढंच: "मामांची शुगर वाढली म्हणून ॲडमिट केलं. संध्याकाळपर्यंत सगळे पाहुणे बघून गेले. उशाशी कुंद्याचे चार डबे ठेवलेले होते."

तरी हसू अर्धवटच येत होतं. कारण शेवटच्या वाक्यात सापडलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. लोकांना 'कुंद्याचे' ऐकल्यावरच हसू फुटतं आणि 'चार डबे ठेवलेले होते' त्या हसण्यावर येऊन पडतं. बोलणारा अजून बोलतोय म्हटल्यावर लोक हसू आवरून ऐकायला लागतात. मग वाक्य फिरवलं: "उशाशी चार डबे. चारीत कुंदा." आणि तोंड बंद. क्रियापद गाळलं, हशाचा शब्द टोकाला नेला. सरावाला आलेली माणसं तीच, विनोद तोच, पण हशा पूर्ण आला.

त्यानंतर घाईनं पुढं जायचं नाही. हसणं चढतं, मग उतरायला लागतं. पूर्ण थांबायच्या जरा आधी पुढचं वाक्य टाकायचं. त्याच तयार केलेल्या जागेवर आणखी एक हशा मिळतो, त्याला आपण टॅग म्हणतो. त्याचा टॅग मला फार आवडलाय: "डॉक्टर राउंडला आले. रिपोर्ट बघितला. डबे बघितले. म्हणाले, 'मामा, ह्यातलं तुम्ही काय खायचं नाही. एक डबा माझ्या केबिनला, बाकीचे नर्सबाईंकडं द्या.'" पुढचा टॅग शनिवारी त्याच्याच तोंडून ऐका, मी फोडत नाही.

लिहून आणणाऱ्यांनी चार मिनिटांसाठी साधारण चारशे शब्द धरा. घरी मोठ्यानं म्हणून फोनवर वेळ लावा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं, शिवाय हशाची जागा त्यात धरलेली नसते.

कॅफेतही बदल केलेत. मागच्या वेळी ऐन हशाच्या जागी आत मिक्सर सुरू झाला, म्हणून आता कार्यक्रम चालू असताना मिल्कशेक बंद, फक्त चहा-कॉफी. खुर्च्या माइकच्या अगदी जवळ आणि एकमेकींना चिकटून लावणार आहोत, कारण हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं जातं. मध्ये रिकाम्या खुर्च्या राहिल्या की तिथंच अडतं. स्पीकर माइकच्या पुढं राहील, नाहीतर शिट्टी येते. तुम्ही माइक हनुवटीजवळ, तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि जाळी मुठीत दाबू नका. माइक काढून घेतला तर स्टँड मागं सरकवा, तो मध्ये राहिला की लोक त्याच्याकडंच बघतात.

सुरुवात जुन्यांपैकी दोघं करतील. खोली गरम झाली की मग नवखे, आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून एखादा अनुभवी. पहिल्या नंबरावर नवख्याला उभं करणं मला मान्य नाही. थंड बसलेल्या लोकांना हसवणं अनुभवी माणसालाही जड जातं. नवख्यांना तीन मिनिटं झाली की मागून फोनचा टॉर्च दिसेल. तो दिसला की नवीन विषय काढू नका, हातातला विनोद संपवा. विसरलात तर कागद बघा, खुशाल बघा.

सीमाप्रश्नावर बोललं तर चालेल काय, असं निपाणीहून एकीनं विचारलंय. चालेल की! पण घरातलं सांगा: आजी कुठल्या भाषेत भाजीवाल्याशी भांडते, कुठल्या भाषेत देवाशी बोलते. समोर बसलेल्याची जात, रंग, अंगकाठी मात्र नको, तिथं माइक बंद होईल.

नावं सहा वाजल्यापासून काउंटरवरच्या वहीत लिहायची. नवख्यांसाठी पाच जागा राखून ठेवल्यात. नुसतं बघायला येणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसा, मागं दाराशी उभे राहू नका.