आगराची पाइपलाइन, नोंद सहावी: एल्बो का निसटला

गेल्या नोंदीत शेवटचा जॉइंट मारून झाल्याचं आनंदाने लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप चालू केला. वरच्या कातळावर कलमांपर्यंत पाणी पोचलं, आणि वरचा व्हॉल्व्ह बंद करताच विहिरीकडून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. 63 मिमीचा एल्बो पाइपातून सुटून चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन पडला होता.

शेजारचे आबा म्हणाले, "परत बसव आणि बाहेरनं सोल्युशन फास, लागेल." हा सल्ला आपल्याकडे पिढीजात आहे. पण बाहेरून फासलेलं सोल्युशन काही धरत नाही. ते गोंद नव्हे. त्यातलं द्रावक पाइपाचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग मऊ करतं, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की एकजीव होतात. हे सगळं आतल्या घट्ट बसलेल्या पृष्ठभागावर घडायला लागतं.

जोर किती होता तेही पाहू. व्हॉल्व्ह बंद असताना माझा पंप 4 किलोपर्यंत दाब चढवतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 4 किलो. 63 मिमी पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 31 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एल्बोला बाहेर ढकलणारा जोर सव्वाशे किलो. सरळ कपलरला दोन्हीकडचा पुरलेला पाइप जागेवर धरतो, पण माझ्या एल्बोला मागून आधारच नव्हता.

मग एल्बो हॅक्सॉने उभा चिरला. जॉइंट सुटला की हे कराच, कारण सगळी कहाणी आत लिहिलेली असते. सॉकेटची खोली 38 मिमी, आणि सोल्युशनचा माग तोंडापासून जेमतेम 24 मिमीपर्यंत. त्याच्या आतला भाग कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत. म्हणजे पाइप तळापर्यंत गेलाच नव्हता, किंवा गेला आणि मागे सरला. सॉकेट आत निमुळतं असतं, त्यामुळे ओलं सोल्युशन लागलेला पाइप हळूच बाहेर ढकलला जातो. मी ढकलला आणि लगेच हात काढून ब्रश पुसायला गेलो. खूण केलेली नव्हती, म्हणून कळलंही नाही.

खालच्या बाजूला एक पांढुरका पट्टा होता, तिथे सोल्युशनची साय नखाने निघत होती. त्या संध्याकाळी एक सर येऊन गेली होती आणि मी पाइप खांद्यावरच्या ओलसर पंच्याने पुसला होता. जिथे खरंच जुळलं होतं तिथला पृष्ठभाग खरबरीत, ओरबाडल्यासारखा दिसत होता. तो एक तृतीयांशही नव्हता. आतल्या बाजूला अजून वासही येत होता, कारण पंप तेरा तासांतच चालू केला होता. पण नुसत्या घाईवर खापर फोडता येणार नाही. तो जॉइंट आठवडाभर वाळला असता तरी निम्मा रिकामाच राहिला असता.

दुरुस्तीला नवा एल्बो घेतला; जुन्या सॉकेटमध्ये पुन्हा जोडायचा नाद करू नये. पाइपाभोवती कागद गुंडाळून काठ सरळ कापला, आतबाहेरची कूस काढली आणि कानशीने बाहेरच्या कडेला उतार दिला. हा उतार नसेल तर धारदार कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून तळाशी नेते. कोरडा बसवून पाहिला, अर्ध्याच्या आसपास अडकला. सैल तळाशी गेला असता तर फिटिंग बदललं असतं.

मग 38 मिमीवर पहिली खूण, आणि टोकापासून 100 मिमीवर दुसरी. पहिली सोल्युशनखाली पुसते, म्हणून दुसरीवरून मोजायचं. पॉलिश पेपरने चकाकी घालवली, कोरड्या फडक्याने पुसलं. डबीतला चिमुकला ब्रश या मापाला पुरत नाही, लावता लावता पहिला भाग सुकतो. एक इंची ब्रश घेतला. पाइपाला भरपूर, सॉकेटला पातळ, पुन्हा पाइपाला एक हात. सॉकेटमध्ये जास्त ओतलं तर ते आत साठून पाइपालाच मऊ करतं. पाव वळसा देत ढकलला, वहिनींनी पलीकडून एल्बो धरला, आणि तीस आकडे मोजेपर्यंत दोघांनी सोडला नाही. दुसऱ्या खुणेपासून एल्बोच्या तोंडापर्यंत 62 मिमी भरले, तेव्हा हात काढले.

डबीवर 24 तास लिहिलेत. हवा दमट, म्हणून मी 36 दिले. त्या वेळात एल्बोमागे चिरा आणि काँक्रीटचा टेकू घातला. मग वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवा जाऊ दिली, पाइप भरल्यावर हळूहळू बंद केला आणि पंप थांबवला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढच्या गेजवर काटा 3.8 वर होता. चहा पिऊन आलो, तरी तिथेच. एल्बोखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, ते कोरडं.

आता डोक्यात घोळतोय तो वरच्या वळणावरचा टी. तोही त्याच संध्याकाळचा, त्याच पंच्याने पुसलेला.