फ्लॅट स्टेक की टक्केवारी: 100 बेट दोन्ही पद्धतीने मांडून बघितल्यावर मला काय कळलं

बरेच दिवस लिहायचं होतं, कारण या विषयावर माझे पैसे आणि त्याहून जास्त झोप गेलीये. मी सामन्यांवर बेट लावणारा छोटा खेळणारा आहे, बँक म्हणून बाजूला काढलेली रक्कम छोटीच, घरखर्चाशी तिचा संबंध नाही. समजायला सोपं जावं म्हणून बँक 1000 धरतो, तुमची जी असेल त्या हिशोबाने शून्य वाढवा किंवा कमी करा.

सुरुवातीला मी फ्लॅट खेळायचो, म्हणजे प्रत्येक बेटला 50, बँक वर गेली काय आणि खाली आली काय, 50 म्हणजे 50. मग कुठेतरी वाचलं की टक्केवारीने खेळणारा कधी बुडत नाही, कारण बँक कमी झाली की स्टेक पण आपोआप कमी होतो. ऐकायला एकदम पटलं. 1000 चे 50 म्हणजे 5 टक्के, म्हणून मी दर वेळी चालू बँकेच्या 5 टक्के लावायला लागलो. बेट जवळपास सगळे 2.00 ऑड्सच्या आसपासचे, म्हणजे जिंकलो तर जेवढे लावले तेवढेच वर मिळणार, म्हणून पुढचा सगळा हिशोब 2.00 धरूनच केलाय.

पहिले 60 बेट फार छान गेले, 36 जिंकले, 24 हरले. बँक 1000 वरून 1691 झाली. फ्लॅट 50 लावत राहिलो असतो तर 1600 झाली असती, म्हणजे टक्केवारीने 91 जास्त दिले, आणि मला वाटलं बस, हीच पद्धत. मग पुढचे 40 बेट आले. 14 जिंकले, 26 हरले. आता एकूण बघा, 100 पैकी 50 जिंकले आणि 50 हरले, ऑड्स 2.00, म्हणजे हातात परत 1000 असायला हवे होते ना? शीटमध्ये आकडा आला 882. मी तीन वेळा फॉर्म्युला तपासला, चूक कुठेच नव्हती.

हे का होतं ते समजायला मला वेळ लागला, पण आहे सोपं. 1000 वर 5 टक्के जिंकलात की 1050, आता पुढचा बेट 52.50 चा, तो हरलात की 997.50. उलट क्रमाने करा, आधी हरा मग जिंका, तरी 997.50 च येतं. म्हणजे एक जीत आणि एक हार अशी प्रत्येक जोडी बँकेचा पाव टक्का खाते. 50 जोड्या झाल्या की 1000 चे 882. फ्लॅटमध्ये ही गळती नाही, तिथे एक हार एक जीत म्हणजे हिशोब शून्य. टक्केवारीत बँक वर असताना मोठा स्टेक हरतो आणि खाली असताना छोटा स्टेक जिंकतो, गळती तिथे होते.

पण माझं डोकं खरं फिरलं ते ड्रॉडाउन बघून. ड्रॉडाउन म्हणजे बँकेने आतापर्यंत गाठलेल्या सगळ्यात वरच्या आकड्यापासून आपण किती टक्के खाली आलोय. 1691 वरून 882 म्हणजे जवळपास 48 टक्के, 809 गेले. फ्लॅटमध्ये तेच 40 बेट 1600 वरून 1000 वर आणतात, म्हणजे 37.5 टक्के आणि 600. तर जी पद्धत सेफ म्हणून घेतली तिनेच मला जास्त खोल नेलं.

तेव्हा मी रागाने परत फ्लॅटवर जाणार होतो, पण जाण्याआधी एक गोष्ट केली आणि ती केली म्हणूनच आज हे लिहितोय. तेच 100 बेट उलटे लावले, म्हणजे वाईट 40 आधी आणि चांगले 60 नंतर. आता फ्लॅटची अवस्था बघा, 1000 वरून थेट 400. ड्रॉडाउन 60 टक्के. त्या ठिकाणी तुम्ही 50 लावताय म्हणजे उरलेल्या बँकेच्या 12.5 टक्के एका बेटवर, आणि तिथून निव्वळ आठ हार झाल्या की खेळ खलास. टक्केवारीत तेच 40 बेट बँक 522 वर आणतात, ड्रॉडाउन तोच 48 टक्के, एक टक्का इकडे तिकडे नाही. कारण टक्केवारीत गुणाकार असतो आणि गुणाकारात ती वाईट बेटची पट्टी कधी आली याने काही फरक पडत नाही, पहिल्या महिन्यात येवो की वर्षभराने.

म्हणजे दोघांचा स्वभाव उलटा आहे. फ्लॅटमध्ये वाईट पट्टी तेवढेच पैसे नेते, मग बँक आधी वाढलेली असेल तर टक्क्यात ते कमी दिसतं आणि सुरुवातीलाच पट्टी आली तर मोडून टाकतं. टक्केवारीत वाईट पट्टी तेवढाच टक्का नेते, मग बँक वाढलेली असेल तर रकमेत तो फटका मोठा लागतो. माझ्या नशिबात चांगले दिवस आधी आले म्हणून मला टक्केवारी वाईट वाटली, ज्याच्या नशिबात वाईट दिवस आधी आले त्याला फ्लॅट वाईट वाटणार, आणि बेट दोघांचे तेच. क्रम कोणता येणार हे आधी कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे एका रेकॉर्डवरून पद्धत चांगली की वाईट ठरवणं चूकच आहे, मी तेच करत होतो.

ज्याला हे स्वतःच्या रेकॉर्डवर बघायचंय त्याने शीटमध्ये बी कॉलममध्ये प्रत्येक बेटनंतरची बँक लिहावी (बी2 मध्ये सुरुवातीची रक्कम) आणि शेजारी हा फॉर्म्युला खालपर्यंत ओढावा:

```
=1-B2/MAX(B$2:B2)
```

त्या कॉलममधला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमचा सगळ्यात खोल ड्रॉडाउन. बेटचा क्रम उलटा करून परत बघा, बरंच काही कळतं.

मग मी स्टेकच कमी करून बघितला, आणि मला वाटतं खरं उत्तर इथेच आहे. तेच 100 बेट, पण 5 ऐवजी 2 टक्के, फ्लॅटला 50 ऐवजी 20. माझ्या मूळ क्रमाने फ्लॅट 1240 पर्यंत जाऊन 1000 वर येतो, ड्रॉडाउन 19 टक्के. टक्केवारी 1256 वर जाऊन 980 वर येते, 22 टक्के. उलट्या क्रमाने फ्लॅट 760 पर्यंत खाली जातो म्हणजे 24 टक्के, टक्केवारी परत 22. बघा ना, 5 टक्क्यांना दोन पद्धतींमध्ये दहा-बारा टक्क्यांचा फरक पडत होता, 2 टक्क्यांना तो दोन-तीनवर आला. आणि गळती 118 ची 20 झाली. मी सहा महिने फ्लॅट की टक्केवारी यावर डोकं फोडत होतो आणि मूळ दुखणं 5 हा आकडा होता.

5 किती मोठा आहे ते केलीच्या हिशोबाने पण दिसतं. लांब काळात बँक सगळ्यात वेगाने वाढावी म्हणून दर बेटला तिचा किती हिस्सा लावावा, याचं गणित जॉन केली नावाच्या बेल लॅब्समधल्या माणसाने 1956 मध्ये मांडलं. 2.00 ऑड्सवर तुम्ही खरंच 53 टक्के बेट जिंकत असाल (आणि लांब काळासाठी ते फार अवघड आहे) तर केलीचा पूर्ण स्टेक 6 टक्के येतो. म्हणजे मी 5 टक्के लावत होतो तेव्हा माझी जिंकण्याची क्षमता 53 टक्के आहे असं गृहीत धरून त्या कमाल मर्यादेच्या जवळ खेळत होतो, आणि 100 बेटनंतर माझं रेकॉर्ड होतं 50 टक्के. पूर्ण केलीने खेळणाऱ्याची बँक पुढे कधीतरी अर्धी होण्याची शक्यता साधारण निम्मी असते, अर्ध्या केलीने खेळलं तर तीच शक्यता साधारण आठात एक. हे सुद्धा तुमचा अंदाज बरोबर असेल तरच. अंदाज चुकीचा असेल, म्हणजे आपल्याकडे काही फायदाच नसेल, तर दोन्ही पद्धतीत पैसे जाणार, फक्त वेग वेगळा.

आता छोट्या बँकेच्या दोन अडचणी, ज्या मला प्रत्यक्ष लावायला लागल्यावरच कळल्या. पहिली म्हणजे किमान स्टेक. समजा 10 च्या खाली बेट घेतच नाहीत. बँक 400 वर आली तर 2 टक्के म्हणजे 8, पण लावावे लागतात 10, म्हणजे अडीच टक्के. 300 ला ते सव्वातीन टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे टक्केवारी कधी बुडत नाही हे कागदावर खरं, पण बँक 500 च्या खाली गेली की तुम्ही नकळत फ्लॅट खेळायला लागलेले असता, आणि तेही सगळ्यात वाईट जागी. टक्केवारी घ्यायची असेल तर सुरुवातीचा स्टेक किमान स्टेकच्या चार-पाच पट तरी हवा, नाहीतर तिचा जो एकमेव मोठा फायदा तोच मिळत नाही.

दुसरी अडचण एकाच वेळी चालू असलेल्या बेटची. टक्केवारी म्हणते की निकाल लागल्यावर नव्या बँकेवरून पुढचा स्टेक काढा. पण एकाच संध्याकाळी चार सामने असतील तर? माझी बँक 1200 असताना मी 60 चे चार लावले, चारही गेले, बँक 960. एकामागून एक लागले असते तर स्टेक घटत गेला असता आणि 977 उरले असते. फरक 17 चा आहे, मोठा नाही, पण असं वारंवार झालं म्हणून माझी खरी बँक शीटमधल्या 882 च्याही खाली होती. टक्केवारीने खेळायचं असेल तर चालू बेटमध्ये अडकलेले पैसे आधी बँकेतून वजा करावेत आणि उरलेल्यावर टक्का काढावा.

सध्या मी जे करतो ते दोन्हीच्या मधलं आहे. स्टेक फ्लॅट, पण बँकेच्या 2 टक्के धरून ठरवलेला, आणि बँक पाव हिस्सा वर किंवा खाली गेली तरच तो बदलतो. 1000 ला 20, 1250 झाली की 25, 750 झाली की 15, आणि नवीन हिशोब तिथून. मधल्या चढउतारात स्टेक हलत नाही म्हणून बारीक गळती होत नाही, रोज दशांशात स्टेक काढत बसावं लागत नाही, आणि सुरुवातीलाच वाईट पट्टी आली तरी 400 ला 50 लावतोय अशी वेळ येत नाही. यात एक धोका आहे तो मी भोगलाय, 750 ला स्टेक कमी करताना हात थांबतो, वाटतं दोन बेट अजून 20 चेच लावू, भरून निघेल. म्हणून 750 आणि 1250 हे आकडे मी शीटच्या वरच्या ओळीत आधीच लिहून ठेवतो, आणि स्टेक बदलायचा दिवस आला की त्या दिवशी नवीन बेट लावत नाही, फक्त आकडा बदलून शीट बंद करतो.