०.२२५ च्या जागी ०.६७५

पुनर्मूल्यांकनासाठी येणाऱ्या बहुतेक अर्जांत "अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले, पेपर पुन्हा तपासावा" एवढंच लिहिलेलं असतं. तपासणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. डायनॅमिक्सच्या एका उत्तरपत्रिकेला जोडलेलं पत्र मात्र वाचल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि गणित पहिल्यापासून करून पाहिलं.

गणित नेहमीचंच. २० किलोचा, ०.१५ मीटर त्रिज्येचा भरीव दंडगोल ३० अंशांच्या उतारावर स्थिर स्थितीतून सोडला आहे आणि घर्षणांक ०.२५ आहे. केंद्राचं त्वरण आणि घर्षणबल काढा. दहा गुण.

मॉडेल आन्सरमध्ये केंद्र G भोवती मोमेंट घेतला होता. त्यात घर्षण f अज्ञात राहतं, म्हणून उताराच्या दिशेचं बलाचं समीकरण आणि मोमेंटचं समीकरण एकत्र सोडवावी लागतात. विद्यार्थिनीने मोमेंट घेतला तो दंडगोल उताराला टेकतो त्या P बिंदूभोवती. घर्षण आणि लंब प्रतिक्रिया दोन्ही P मधूनच जातात, त्यामुळे त्यांचा मोमेंट शून्य होतो आणि एकाच ओळीत उत्तर येतं:

mg sinθ · r = I_P · α
98.1 × 0.15 = 0.675 × α
α = 21.8 rad/s², a = rα = 3.27 m/s²

आधीच्या परीक्षकाने ०.६७५ वर लाल गोल करून प्रश्नचिन्ह काढलं होतं. असं का झालं असावं, ते कळतं. गठ्ठ्यातल्या बाकीच्या उत्तरपत्रिकांत त्या जागी ½mr², म्हणजे ०.२२५ असतं, तीच सवय झालेल्या नजरेला ०.६७५ म्हणजे चुकलेलं सूत्र वाटतं. प्रत्यक्षात तो समांतर अक्षाचा नियम होता, ०.२२५ मध्ये mr² चे ०.४५ मिळवलेले. समासात बारीक अक्षरात ती बेरीजही होती. गुण मिळाले तीन: आकृतीचे दोन आणि a = rα चा एक.

पत्रातला महत्त्वाचा भाग असा होता:

"प्रश्न ४ (ब), उत्तरपत्रिका पान ११. मी मोमेंट G ऐवजी P भोवती घेतला आहे. न सरकता घरंगळताना P चं त्वरण शून्य नसतं, पण ते G कडे रोखलेलं असतं, म्हणून ΣM_P = I_P α इथे लागू पडतं. बलाचं समीकरण मी वगळलेलं नाही. ते पान १२ वर घर्षण काढताना आहे: 98.1 − 20 × 3.27 = 32.7 N. हे घर्षण मॉडेल आन्सरच्या समीकरणात ठेवल्यास 32.7 × 0.15 = 4.905 आणि 0.225 × 21.8 = 4.905, दोन्ही बाजू जुळतात."

पान उलटलं. खरोखरच होतं. पुढे ०.२५ × १९६.२ × cos ३०° = ४२.५ न्यूटन, म्हणजे ३२.७ पेक्षा जास्त, म्हणून दंडगोल सरकत नाही, हा पडताळाही पूर्ण होता.

त्या पत्रातलं P च्या त्वरणाबद्दलचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुष्कळ मुलं "P चा वेग शून्य आहे म्हणून P भोवती मोमेंट चालतो" असं लिहितात. ते कारण अपुरं आहे. चाकाचं वस्तुमान एका बाजूला जास्त असेल, तर G मध्यावर नसतो. तेव्हाही P चा वेग शून्यच असतो, पण P चं त्वरण चाकाच्या मध्याकडे रोखलेलं असतं, G कडे नाही. त्यामुळे चाक फिरायला लागल्यावर हे सूत्र एरवी चुकीचं उत्तर देतं. एकसारख्या दंडगोलात मध्य आणि G एकच, म्हणून इथे शंकेला जागा नव्हती.

अडचण एवढीच, की उत्तरपत्रिकेत तिनेही "P चा वेग शून्य" असंच लिहिलं होतं. बरोबर कारण फक्त पत्रात होतं, आणि गुण परीक्षेत लिहिलेल्यालाच द्यावे लागतात. आकृतीचे दोन, दोन समीकरणांचे चार, a = rα चा एक, त्वरणाचा एक, घर्षण आणि पडताळ्याचे दोन असे दहा होत होते. अपुऱ्या कारणाचा एक गुण कापून मी नऊ दिले. G भोवती मोमेंट घेणाऱ्याला कारण विचारलं जात नाही, मग हिलाच का, असं सहकारी म्हणाले. माझं मत आजही तेच आहे: G साठी ते समीकरण कायम खरं असतं, P साठी अटीवर. अट वापरली की ती नीट सांगायला हवी.

पुनर्मूल्यांकनाचा फायदा अर्ज करणाऱ्यालाच होतो, ही त्यातली खरी उणीव. म्हणून शेऱ्यात मी परीक्षा विभागाला लिहिलं, की या प्रश्नात I च्या जागी ०.६७५ लिहिलेल्या सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहाव्यात. एमएसबीटीईच्या मॉडेल आन्सरच्या सुरुवातीला परीक्षकांसाठी सूचना छापलेल्या असतात. उत्तर शब्दशः जुळवू नये, ही त्यांतलीच एक. आमच्या मार्किंग स्कीममध्ये तसं काही नव्हतं. त्या प्रश्नाखाली "P भोवती मोमेंट: I_P = (3/2)mr², चार गुण दोन्ही समीकरणांना मिळून" ही ओळ मी घालून दिली.